दिवाळी बंदची नोटीस गेटवर लावायच्या आधी

जिनिंगमध्ये ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाला दिवाळीच्या आधी एक काम हमखास येतं, ते म्हणजे सगळ्या स्टाफसाठी बंदची नोटीस काढणं. काम दहा ओळींचं, पण मालक म्हणतात "मागच्या वर्षीचीच घ्या अन् तारखा बदला", आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपल्याकडे त्याच दिवसात कापसाची आवक चालू झालेली, काट्यावर गाड्यांची लाईन, फिटर एकीकडे ओरडतोय, त्यात कोण बसून नोटीस वाचणार. म्हणून ही तयारीची यादी लिहून ठेवतोय, 2025 च्या दिवाळीची नोटीस समोर धरून. तुमच्याकडे दालमिल असो, ऑइल मिल असो की शाळा, कामाचा क्रम हाच ठेवा.

पहिलं काम टाइप करायचं नाहीच, कॅलेंडर घ्यायचं. शक्यतो भिंतीवरचं आणि मोबाईलमधलं दोन्ही, आणि सोबत राज्य शासनाची त्या वर्षीची सुट्ट्यांची यादी. एका कोऱ्या कागदावर हाताने तारीख, वार आणि सण अशी ओळ लिहून काढायची. 2025 ची अशी होती: सोमवार 20 ऑक्टोबर नरक चतुर्दशी, मंगळवार 21 लक्ष्मीपूजन, बुधवार 22 पाडवा, गुरुवार 23 भाऊबीज. आता हे सोपं वाटते, पण त्या वर्षी अमावस्या 20 तारखेच्या दुपारी लागली आणि 21 च्या संध्याकाळी सुटली, म्हणून उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी दिवाळी 20 लाच झाली आणि आपल्या शासनाच्या यादीत लक्ष्मीपूजन 21 ला होतं. जिनिंगमध्ये मशीनवरचे कितीतरी पोट्टे बाहेरच्या राज्यातले असतात, त्यांच्या घरून फोन येतो की दिवाळी 20 ची आहे, आणि तुमच्या नोटिशीत नुसतं "लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापासून सुट्टी" लिहिलं असलं तर त्याचा आदला दिवस 19 आणि तुमचा 20. रविवारी एक बाजू हजर, एक बाजू गायब. म्हणून तिथीवर कधीच नोटीस टेकवायची नाही, आकड्यातली तारीख आधी आणि सणाचं नाव मागून.

दुसरी गोष्ट, तारीख एकटी लिहायचीच नाही, सोबत वार पाहिजेच पाहिजे आणि वर्षही. याचं कारण शोभा नाही. वार हा तारखेचा साक्षीदार असतो, दोघांपैकी एक चुकला की जोडी जमत नाही आणि चूक पकडली जाते. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन शुक्रवारी 1 नोव्हेंबरला होतं, भाऊबीज रविवारी 3 ला, आणि काम सुरू सोमवारी 4 ला. ती फाईल 2025 साठी उघडली की हमखास काय राहतं तर महिना "नोव्हेंबर" राहतो आणि शेवटच्या ओळीतला "सोमवार" राहतो, कारण बदलणाऱ्याची नजर फक्त आकड्यांवर असते. 20 नोव्हेंबर 2025 ला गुरुवार होता, सोमवार नाही, म्हणजे "सोमवार 20 नोव्हेंबर" हे वाचताक्षणी खटकलं पाहिजे, पण वार लिहिलाच नसता तर कोणालाच खटकलं नसतं. तशीच वरची, नोटीस काढल्याची तारीख आणि जावक नंबर, हे दोन तर जुनेच राहून जातात कारण ते कोपऱ्यात असतात.

वार तपासायला एक्सेल चांगलं, पण त्यातही एक खोच आहे ती सांगतो. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असली, आणि नवीन आणलेल्या मशीनवर बरेचदा तीच असते, तर 03/11/2025 टाइप केलं की एक्सेल ते 11 मार्च समजते आणि मंगळवार दाखवते, तुम्हाला पाहिजे होता 3 नोव्हेंबर म्हणजे सोमवार. आणि 21/10/2025 टाइप केलं तर एकविसावा महिनाच नसतो म्हणून ते त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या बाजूला चिकटून राहते. खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते. हे ओळखायची खूण एवढीच, डावीकडे दिसली की समजायचं गडबड आहे. सेटिंगच्या भानगडीत पडायचं नसलं तर तारीख अशी द्यायची, मग ते कुठल्याच मशीनवर चुकत नाही:

```
=TEXT(DATE(2025,10,21),"dddd")
=DATE(2025,10,23)-DATE(2025,10,20)+1
```

पहिली ओळ वार सांगते, मंगळवार. दुसरी ओळ सुट्टीचे दिवस मोजते, चार. त्यातलं शेवटचं अधिक एक विसरलं तर उत्तर तीन येते, आणि नोटिशीत "एकूण तीन दिवस" असं छापून जाते. मग एक जण तारखा पाहून 24 ला येतो, दुसरा दिवस मोजून 23 ला भाऊबीज सोडून गेटवर उभा.

नोटिशीत म्हणूनच "20 ते 23 पर्यंत बंद" एवढ्यावर थांबायचं नाही. "पर्यंत" म्हटलं की 23 आत धरायची की बाहेर यावर कॅन्टीनमध्ये वाद ठरलेला. "दोन्ही दिवस धरून" हे तीन शब्द टाकायचे आणि पुढच्या वाक्यात कामाचा पहिला दिवस वारासकट वेगळा लिहायचा. माझ्या मते सगळ्या नोटिशीत महत्त्वाचं वाक्य हेच, कधी यायचं. कधी जायचं ते लोक बरोबर हुडकून काढतात, त्याची काळजी नको 😄

आता पाळ्यांचं. तीन पाळ्या असल्या तर तारखेने भागत नाही, घड्याळ लागते. समजा पहिली पाळी सकाळी 6 ते 2, दुसरी 2 ते रात्री 10, तिसरी रात्री 10 ते सकाळी 6. रविवार 19 ची तिसरी पाळी सुरू होते रविवारी रात्री आणि सुटते सोमवारी 20 ला सकाळी. आता "20 पासून बंद" याचा अर्थ तिसऱ्या पाळीच्या माणसाने काय घ्यायचा? रात्री बाराला मशीन सोडून घरी जायचं का? जाणार नाही कोणी, पण रविवारी रात्री यायचं की नाही हाच त्याचा प्रश्न असतो, आणि काही जण येतच नाहीत, बरं नोटिशीप्रमाणे ते चूकही नसतात. म्हणून सरळ लिहायचं की शेवटची पाळी रविवार 19 ऑक्टोबरची तिसरी, ती सोमवारी सकाळी 6 ला सुटेल, आणि काम शुक्रवार 24 ऑक्टोबरला सकाळी 6 च्या पहिल्या पाळीपासून सुरू. असंच साप्ताहिक सुट्टीचं. ज्या गावात मंगळवारचा बाजार, तिथे बऱ्याच जिनिंगची सुट्टी मंगळवारीच असते, आणि 21 ला नेमका मंगळवार. ती सुट्टी दिवाळीत जिरली की वेगळी मिळणार, हे मालकाला आधीच विचारून एका वाक्यात लिहून टाकायचं. ठरलं नसेल तर नोटीस थांबवा, पण मोघम लिहू नका. चौकीदार आणि फायर पंपवाले यांना सुट्टी नसते, कापसाच्या गंज्या उघड्यावर आणि बाहेर फटाके, तर त्यांची यादी वेगळी जोडायची आणि नोटिशीत तिचा उल्लेख करायचा, नाहीतर "सर्व कर्मचाऱ्यांना सुट्टी" म्हटल्यावर तेही सर्वांतच येतात.

तारखा पक्क्या झाल्या की मग भाषा. नोटीस दोन भाषेत का, असं नवीन पोरं विचारतात. एक तर बाहेरचा स्टाफ आणि नागपूरचं हेड ऑफिस, आणि दुसरं म्हणजे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 108 मध्येच लिहिलं होतं की कायद्याप्रमाणे लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना समजते त्या भाषेत, मेन गेटजवळ दिसेल अशा जागी लावायच्या. ती पद्धत सगळ्याच नोटिशींना लागून गेली. आता जुन्या फाईलवरून घाईत तयार झालेला हा इंग्रजी मजकूर बघा, असाच तो सहीला येतो:

```
ALL THE STAFFS is informed that Office, weighbridge and
Ginning Section remains close from Monday 20 to thursday
23 November on account of diwali. Work will resume on
24 October Monday. The list of Watchmen on duty are attached.
```

यात कॅपिटलची चूक कुठे आहे ते आधी बघू. वार, महिना आणि सण यांचं पहिलं अक्षर इंग्रजीत कायम कॅपिटल, तिथे इथे थर्सडे आणि दिवाळी दोन्ही लहान अक्षराने पडलेत. उलट ऑफिस, वॉचमन, सेक्शन ही साधी नावं, त्यांना वाक्याच्या मधात कॅपिटल लागत नाही, पण आपल्याकडे मान द्यायचा म्हणून मॅनेजमेंट, स्टाफ, वर्कर सगळ्यांना मोठं अक्षर देऊन ठेवतात. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नसल्यामुळे ही सवय शाळेत कोणी मोडत नाही. पदाचं तसंच, मॅनेजर हा शब्द नावाच्या आधी लागून आला तर कॅपिटल, नुसता "मॅनेजरला भेटा" म्हटलं तर लहान. सणाचं स्पेलिंगही एकच धरायचं, लक्ष्मीचं एकीकडे एक्स आणि खाली केएसएच असं नको, शासनाच्या यादीत जे आहे ते घ्या आणि मोकळे व्हा. अन् पूर्ण ओळ मोठ्या अक्षरात नको बापा, जोर द्यायचा तर ठळक करा, कारण सगळंच मोठं झालं की वार आणि महिना नजरेत वेगळे उठत नाहीत आणि तेच तर वाचायचे असतात. मोबाईलवर टाइप करणाऱ्यांसाठी अजून एक, सकाळच्या सहा ए.एम. मधल्या टिंबानंतर कीबोर्डला वाटते वाक्य संपलं आणि पुढचा शब्द तो आपल्या मनानेच मोठ्या अक्षराने सुरू करतो. वेळेच्या पुढचा शब्द म्हणून नेहमी परत बघायचा.

क्रियापदाचं तपासायला एक साधी पद्धत आहे. वाक्यातला कर्ता शोधायचा, क्रियापद शोधायचं, मधलं सगळं बोटाने झाकायचं आणि उरलेले दोन वाचायचे. वरच्या मजकुरात शेवटचं वाक्य झाकून वाचलं तर "लिस्ट आर" उरते, म्हणजे चूक, यादी एकच आहे, वॉचमन कितीही असले तरी "लिस्ट इज". वॉचमन हा शब्द क्रियापदाच्या शेजारी बसलेला म्हणून टाइप करणारा फसतो. पहिल्या वाक्यात ऑफिस, काटा आणि जिनिंग असे तीन कर्ते आहेत, म्हणून "रिमेन्स" नाही. स्टाफ या शब्दाचं अनेकवचन करायला मागे एस लावायचा नाही, आणि "ऑल स्टाफ" म्हटल्यावर सगळी माणसं डोळ्यासमोर येतात म्हणून "आर". तेच "एव्हरी एम्प्लॉयी" किंवा "एव्हरीवन" लिहिलं तर अर्थ सगळे असा असूनही क्रियापद एकवचनीच. आणि बंद राहण्याला "क्लोज" नाही, "क्लोज्ड", हे तर गावातल्या अर्ध्या पाट्यांवर चुकलेलं आहे. सगळं धुऊन झाल्यावर मजकूर असा उभा राहतो:

```
All staff are informed that the office, weighbridge and
ginning section will remain closed for Diwali from Monday,
20 October 2025 to Thursday, 23 October 2025, both days
inclusive. The last shift will be the third shift of Sunday,
19 October, ending at 6 a.m. on Monday. Work will resume with
the first shift at 6 a.m. on Friday, 24 October 2025. The list
of watchmen and fire pump operators on duty is attached.
```

मराठी आपली म्हणून तपासायची नाही असं करू नका, तिथे उलट जास्त चुका निघतात, कारण सुट्टीला जाताना काय काय करून जायचं ही यादी मराठीत असते आणि त्यात प्रत्येक वाक्याला क्रियापदाचं शेपूट वेगळं लागते. "कर्मचाऱ्यांनी" असं "नी" लागलं की क्रियापद कर्मचाऱ्यांकडे बघतच नाही, ज्या वस्तूवर काम करायचं तिच्याकडे बघते. मेन स्विच बंद करावा. पंखे बंद करावेत. खिडकी लावावी, खिडक्या लावाव्यात. कुलूप लावावे, कुलपे लावावीत. किल्ल्या ऑफिसात जमा कराव्यात. गंज्या ताडपत्रीने झाकाव्यात. आपल्याकडे बोलण्यात सरसकट "करावे" चालून जाते, "किल्ल्या जमा करावे" म्हटलं तरी काम होते, पण कागदावर सहीशिक्क्यासोबत ते उघडं पडते. आणि काम कशावर करायचं ती वस्तूच नसली, जसं हजर राहणं, तर क्रियापद कोणाकडेच बघत नाही, कर्मचारी पन्नास असले तरी "सर्वांनी वेळेवर हजर राहावे", तिथे "राहावेत" करायचं नाही. "पंखे, दिवे आणि खिडक्या बंद" अशी खिचडी आली तर शेपूट कोणाचं लावायचं यात डोकं घालवू नका, वाक्य तोडा, पंखे-दिवे एका वाक्यात आणि खिडक्या दुसऱ्यात.

वरच्या भागात मराठीत बघायचं ते एवढंच, "कार्यालय बंद राहील" पण "कार्यालय, वजनकाटा व जिनिंग विभाग बंद राहतील", आणि राहील मधली ही दीर्घ, "राहिल" नाही. "कारखान्याचे जिनिंग विभाग" असंही दिसते, विभाग एकच असेल तर "कारखान्याचा". सुट्टी एकच असो की चार दिवसांची, "सुट्टी जाहीर करण्यात येत आहे" हे चालते, पण "सुट्ट्या" लिहिलं की "येत आहेत" झालंच पाहिजे. सुट्टी की सुटी यावर भांडू नका, दोन्ही चालतात, एका कागदावर एकच ठेवा.

दोन्ही मजकूर झाले की दोघांनी बसून वाचायचं. एकाच्या हातात आधी हाताने लिहिलेला तो तारखांचा कागद, दुसऱ्याच्या हातात प्रिंट. दुसरा मोठ्याने फक्त तारीख आणि वार वाचणार, पहिला टिक मारणार, आधी मराठीतले, मग इंग्रजीतले, कारण मराठीत 24 आणि इंग्रजीत 23 असं झालं तर दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबरच वाटतात, एकमेकींसमोर धरल्याशिवाय दिसत नाही. स्क्रीनवर वाचू नका, प्रिंट काढा. ज्याने टाइप केलं त्याने वाचून उपयोग नाही, त्याला कागदावर जे नाही तेही दिसते.

त्यानंतर खरी परीक्षा. तिसऱ्या पाळीचा एखादा ऑपरेटर बोलवायचा, त्याच्या हातात कागद द्यायचा आणि काहीच समजावून न सांगता विचारायचं, "भाऊ, हे वाचा अन् सांगा, शेवटची पाळी कोणती अन् परत कवा येसान?" तो म्हणाला "आयतवारच्या रातची शेवटची, अन् चोवीसले, शुक्रवारी" तर झालं. तो थांबला, मान खाजवली, "मंग एकवीसची बाजाराची सुट्टी कुठी गेली जी?" असं विचारलं तर एक वाक्य कमी आहे. त्याला शिकवत बसायचं नाही, नोटीस दुरुस्त करायची.

सही झाल्यावर व्हॉट्सॲपचा प्रश्न. बऱ्याच ऑफिसात अजून मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते, कृतिदेव वगैरे, ते कॉपी करून ग्रुपवर टाकलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. अशा वेळी पीडीएफ पाठवा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये परत टाइप करा, पण परत टाइप केला तर तारखांची टिक परत मारा, कारण तो आता नवीन कागद झाला. सही केलेल्या प्रिंटचा फोटो पाठवणं सगळ्यात सोपं, फक्त चारही कोपरे येऊ द्या, खालची यादी कापलेला फोटो फिरला की चौकीदार म्हणतात आम्हाला कुठं सांगितलं.

आणि लावल्यावर चूक निघालीच तर गुपचूप कागद बदलू नका. ज्याने पहिला वाचला तो दुसरा वाचायला परत येत नाही, त्याच्या डोक्यात पहिलीच तारीख बसलेली असते. वर "सुधारित सूचना" असं ठळक लिहा, नवीन जावक नंबर आणि नवीन तारीख द्या, पहिल्याच ओळीत काय बदललं ते सांगा, म्हणजे "काम गुरुवार 23 ऐवजी शुक्रवार 24 ऑक्टोबरपासून सुरू होईल", आणि जुना कागद बोर्डावरून काढा. ग्रुपवरचा जुना मेसेज सर्वांसाठी डिलीट होत असेल तर करा, नसेल होत तर त्याच मेसेजला रिप्लाय म्हणून सुधारित टाका, म्हणजे जुना उघडणाऱ्याला खाली नवीन सापडेल. बोर्डावरचा कागद 24 ला पहिल्या पाळीची हजेरी झाली की काढून फाईलला लावा, त्याच्या मागे तो हाताने लिहिलेला तारखांचा कागदही टाचून ठेवा.